बेल खाली वाजते, दार कुठून उघडायचं?

जर्मनीत कुणाच्या घरी जायचं असेल तर पत्त्यात फ्लॅट नंबर बहुधा नसतो. रस्त्याचं नाव, इमारतीचा नंबर आणि आडनाव, एवढ्यावर भागतं. इमारतीच्या मुख्य दाराशी धातूची एक पट्टी असते. तिच्यावर बटणांची रांग आणि प्रत्येक बटणासमोर एक आडनाव. पोस्टमन, कुरिअरवाला, पाहुणा, रुग्णवाहिकेतून आलेला माणूस, सगळ्यांनी त्या आडनावावरूनच घर शोधायचं. वॉचमन नाही, रजिस्टर नाही, "कुणाकडे जायचंय?" असं विचारणारं कुणी नाही. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत व्हिजिटर अ‍ॅप आलं तरी गेटवर माणूस असतोच. आपण अ‍ॅपवर होकार दिला की गेट तो उघडतो. जर्मनीत तेच काम बेलच्या पट्टीमागचं यंत्र करतं. त्याच्याशी व्यवहार करायचा तो घरातल्या भिंतीवरच्या पडद्यावरून नाहीतर फोनवरच्या अ‍ॅपमधून, आणि तोही जर्मनमध्ये.

श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८पासून भगिनी शहरं आहेत. चाकणला मर्सिडीजचा कारखाना आहे आणि त्या कंपनीचा मोठा जुना कारखाना श्टुटगार्टजवळच्या झिंडेलफिंगनमध्ये आहे. त्यामुळे या भागात मराठी घरं बरीच आहेत. बहुतेक घरांत नवरा-बायको दोघं नोकरीला जातात. बाळंतपणाच्या निमित्ताने आई किंवा सासूबाई नव्वद दिवसांच्या व्हिसावर येतात, आणि दिवसभर त्या यंत्रासोबत घरात एकट्या राहायची वेळ त्यांच्यावर येते. यंत्र ज्यांच्या हवाली असतं त्यांना भाषा येत नाही. ज्यांना थोडीफार येते ते बेल वाजते तेव्हा घरी नसतात. झिंडेलफिंगनमधल्या अशाच एका घरात मी गेले होते. कुटुंब मूळचं सांगलीकडचं, घर नव्या इमारतीतलं, तिसऱ्या मजल्यावर. पडद्याचं यंत्र बांधकामाच्या वेळीच बसवलेलं होतं. ते कोणत्या कंपनीचं, हे इथे महत्त्वाचं नाही. अशा सगळ्या यंत्रांची मूळ रचना जवळपास सारखीच असते.

त्या घरच्या आजींच्या दोन तक्रारी होत्या. दिवसा बटण दाबलं की खालचं दार उघडतं, पण रात्री नऊनंतर तेच बटण दाबलं तर नुसतं गुरगुरतं, उघडत नाही. आणि सुनेने बेल स्वतःच्या आणि मुलाच्या फोनवर वळवून ठेवली होती, तरी दुपारी आलेला कुरिअरवाला दोनदा परत गेला होता आणि दोघांपैकी कुणाच्याच फोनवर बोलणं झालं नव्हतं. "यंत्र बिघडलंय," असं आजींचं मत. यंत्र बिघडलेलं नव्हतं. दोन्ही तक्रारींची कारणं त्याच्या रचनेतच होती आणि ती समजल्यावर पडद्यावरच्या जर्मन शब्दांचंही ओझं बरंच कमी झालं.

आधी दाराचं बघू. आपण वर बटण दाबतो तेव्हा खालचं दार यंत्र स्वतः ढकलून उघडत नाही. दाराच्या लॅचमध्ये एक तिरकी जीभ असते. दार ओढून घेतलं की ती समोरच्या चौकटीतल्या खाचेत जाऊन अडकते. या खाचेची एक बाजू हलती असते आणि ती विद्युत-चुंबक जोडलेल्या एका छोट्या खटक्याने धरून ठेवलेली असते. वरून बटण दाबलं की चुंबकाला वीज मिळते, खाचेची बाजू सैल पडते आणि त्या दोन-तीन सेकंदांत बाहेरच्या माणसाने दार ढकललं तर जीभ खाचेतून सुटून दार उघडतं. जर्मनमध्ये या सगळ्याला `Türöffner` म्हणतात आणि पडद्यावर त्याची खूण किल्लीची असते. जुन्या आणि काही नव्या इमारतींतही ही वीज बेलच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून येते, आठ ते बारा व्होल्टची, एसी. तिथली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे खटका सेकंदाला शंभर वेळा थरथरतो. गुरगुर ऐकू येते ती याचीच. डीसीवर चालणारे खटके नुसतं टक् करतात. असा खटका असलेल्या इमारतीत गेलेल्या माणसाला गुरगुर ऐकू आली नाही म्हणून दार उघडलं नसेल असं वाटतं आणि तो दार न ढकलताच उभा राहतो.

आता रात्री नऊनंतर काय होत होतं ते पाहा. याच दाराच्या कुलपात त्या तिरक्या जिभेखेरीज एक चौकोनी बोल्ट असतो. दार नुसतं ओढलं तर तो बाहेर येत नाही. चावी फिरवली तरच येतो. आणि इलेक्ट्रिक खटक्याचा या बोल्टशी काहीच संबंध नाही. तळमजल्यावरचे एक वयस्कर गृहस्थ रोज रात्री नेमाने दाराला चावी फिरवत होते. त्यानंतर आजींनी वरून कितीही बटण दाबलं तरी चुंबक आपलं काम करायचा, गुरगुर व्हायची, पण बोल्टने दार धरलेलं असायचं. खूण सोपी आहे. आवाज येतो, पाहुणा ढकलतो, तरी दार तसूभरही हलत नाही आणि हे ठरावीक वेळेनंतरच होतं, तेव्हा दोष यंत्राचा नसून चावीचा असतो. आवाजच येत नसेल तर मात्र वीज, तार किंवा खटका बघायला हवा.

आवाज येतो, दार किंचित हलतं, पण सुटत नाही, असाही एक प्रकार असतो. हिवाळ्यात रबरी पट्टी ताठरली किंवा दार किंचित खाली बसलं की जीभ खाचेच्या बाजूवर सतत दाब देत राहते. त्या दाबाखाली काही खटके सैल पडत नाहीत. अशा वेळी पाहुण्याला दार आधी स्वतःकडे ओढायला सांगायचं, आवाज आला की मग ढकलायचं. हे फोनवरूनही सांगता येतं. मूळ दुरुस्ती मात्र सुताराने किंवा कुलूपवाल्याने खाच थोडी सरकवून करायची असते. इलेक्ट्रिशियनला बोलावून उपयोग नाही.

चावीच्या प्रश्नावर जर्मनीत कोर्टकचेऱ्याही झाल्या आहेत. फ्रँकफुर्टच्या जिल्हा न्यायालयाने २०१५ साली एका प्रकरणात निर्णय दिला. रहिवाशांनी रात्री दाराला कुलूप घालायचं असा ठराव केला होता आणि तो न्यायालयाने टिकू दिला नाही. आग लागली किंवा कुणाला तातडीने बाहेर पडायचं झालं आणि चावी हाताशी नसली, तर बंद दार जीव घेऊ शकतं. निर्णयात असंही म्हटलं होतं की बाहेरून कुलूपबंद पण आतून चावीशिवाय उघडणारी कुलपं बाजारात मिळतात. तशा कुलपाला मोटर जोडलेली असेल तर वरच्या बटणानेही बोल्ट मागे घेता येतो. म्हणजे सुरक्षितता आणि दूरवरून दार उघडणं या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. योग्य कुलूप बसवायला हवं. झिंडेलफिंगनच्या त्या घरच्या सुनेने इमारतीच्या व्यवस्थापन कंपनीला, म्हणजे तिथे `Hausverwaltung` म्हणतात तिला, दोन ओळींचं पत्र लिहिलं. कंपनीने दारावर चावी फिरवू नये अशी सूचना लावली. तळमजल्यावरच्या गृहस्थांनी ती मानली. माझ्या मते अशा पत्रात दोषारोप करण्यापेक्षा आग आणि रुग्णवाहिका हे दोन शब्द घालावेत. तिथला कुणीही माणूस ते गंभीरपणे घेतो.

दार किती वेळ सुटं राहावं हा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. बाबागाडी घेऊन येणाऱ्याला तीन सेकंद पुरत नाहीत. भिंतीवरच्या पडद्याच्या मेन्यूत मात्र ही वेळ सापडत नाही, कारण ती इलेक्ट्रिशियनच्या मेन्यूत असते आणि त्याला वेगळा पिन असतो. हे बरोबरच आहे. ती वेळ इमारतीतल्या सगळ्यांसाठी बदलते. शिवाय साधा एसी खटका लांबवर वीज धरून ठेवण्यासाठी बनलेला नसतो, कॉइल तापते. सतत वीज सहन करणाऱ्या खटक्यावर तसं लिहिलेलं असतं, `100 % ED`. ते नसेल तर पाच-सहा सेकंदांच्या पुढे जाऊ नये, असं तिथल्या इलेक्ट्रिशियनचं म्हणणं होतं आणि त्याने तेवढंच वाढवून दिलं.

भिंतीवरच्या पडद्यावर आजींच्या रोजच्या कामाच्या गोष्टी चारच होत्या. किल्लीची खूण म्हणजे दार, बल्बची खूण म्हणजे जिन्यातला दिवा, काट मारलेली घंटा म्हणजे बेल मुकी, आणि तोंडाजवळचं चिन्ह म्हणजे बोलणं. काट मारलेल्या घंटेवर लक्ष ठेवायला हवं. बाळ झोपलेलं असताना सून ती दाबून जात असे आणि नंतर ती तशीच राहत असे. पडद्यावर लाल ठिपका दिसतो, पण तो लहान असतो. आजींनी रोज दुपारच्या चहाआधी तो ठिपका बघायची सवय लावून घेतली.

याशिवाय एक गोंधळ जवळपास प्रत्येक घरात होतो. पडद्याला दोन बेली जोडलेल्या असतात. एक खालच्या मुख्य दाराची, `Türruf`. दुसरी घराच्या स्वतःच्या दाराबाहेरची, `Etagenruf`. शेजारी वर येऊन दुसरी बेल वाजवतो, आजी सवयीने किल्ली दाबतात, खालचं दार सुटतं आणि शेजारी घराबाहेरच उभा. यावर उपाय मेन्यूत असतो. `Klingeltöne` मध्ये दोघींना वेगळे सूर द्यायचे. त्या घरात खालच्या दाराला लांब सूर आणि घराच्या दाराला दोन छोटे ठोके ठेवले. आजी म्हणाल्या, "आता कळतं, जिना उतरायचा की कडी काढायची." जिना त्या कधीच उतरत नव्हत्या, पण फरक त्यांना नेमका कळला होता.

आता दुसऱ्या तक्रारीकडे येऊ. बेल फोनवर वळवणं, जर्मनमध्ये `Rufumleitung` किंवा `Rufweiterleitung`. हे ऐकायला एकच काम वाटतं, पण यात दोन वेगवेगळ्या वाटा आहेत आणि त्या एकमेकांत मिसळल्या की गडबड होते.

पहिली वाट अ‍ॅपची. जुन्या इमारतींत बेलपट्टीपासून प्रत्येक घरापर्यंत स्वतंत्र तार गेलेली असते आणि घरात फक्त एक रिसीव्हर असतो. त्याला फोन जोडता येत नाही. नव्या इमारतींत सगळ्या घरांसाठी मिळून एकच डिजिटल लाइन असते. तिच्यावर एक छोटी पेटी बसवतात, जी दाराचा सिग्नल इंटरनेटवर नेते. तिथून तो कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि सर्व्हर फोनला सूचना पाठवतो. फोन जोडताना पडद्यावर एक क्यूआर कोड येतो, तो अ‍ॅपने स्कॅन करायचा. इथपर्यंत सुनेने सगळं नीट केलं होतं. घरातल्या वायफायवर तिने बेल तपासून पाहिली, वाजली. ऑफिसात गेल्यावर वाजली नाही.

अशा वेळी दोष कुठे आहे हे तीन तपासण्यांतून कळतं. अ‍ॅप उघडं असताना बेल येते पण बंद असताना येत नाही, तर फोनची बॅटरी-बचत अ‍ॅपला झोपवते आहे. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये जाऊन त्या अ‍ॅपचा बॅटरी वापर 'अनिर्बंध' करायचा. घरच्या वायफायवर येते पण मोबाइल डेटावर येत नाही, तर घराबाहेरून वापरायची परवानगी पेटीत चालू केलेली नाही; तिच्या मेन्यूत `Fernzugriff` असा काहीसा पर्याय असतो. आणि बेल येते पण आवाज न करता, तर फोनचा 'डू नॉट डिस्टर्ब' तिला दाबतो आहे. सुनेच्या बाबतीत दोन कारणं एकत्र होती. बॅटरी-बचत होती आणि ऑफिसात मीटिंगसाठी ठरावीक वेळी आपोआप लागणारा 'डू नॉट डिस्टर्ब'ही होता. दुसरा तिच्या लक्षातच आला नव्हता, कारण तो तिने नोकरी लागल्यावर एकदा लावला होता.

भाषेचाही एक छोटा अडथळा इथे होता. आजींचा स्वतःचा फोन मराठीत लावलेला होता आणि त्यावरही अ‍ॅप घातलं होतं, बाळासोबत बागेत गेल्या तर कळावं म्हणून. अ‍ॅपला मराठी येत नाही. मग ते स्वतःची मूळ भाषा दाखवतं, म्हणजे जर्मन. सगळा फोन इंग्रजी करायची गरज नव्हती. अँड्रॉइड १३पासून सेटिंग्जमध्ये एकेका अ‍ॅपची भाषा वेगळी ठरवता येते आणि आयफोनवर ही सोय त्याआधीपासून आहे. अ‍ॅपने आपल्या भाषांची यादी जाहीर केलेली असेल तरच तो पर्याय दिसतो. या अ‍ॅपने केली होती. आजींच्या फोनवर फक्त दाराचं अ‍ॅप इंग्रजी झालं, बाकी सगळं मराठीच राहिलं. भिंतीवरच्या पडद्याचीही भाषा `Einstellungen` मध्ये `Sprache` खाली बदलता येते, आणि तो इंग्रजी झाला की सुनेचं अर्धं काम सोपं होतं. पण इमारतीत इलेक्ट्रिशियन येतो तेव्हा तो जर्मनच मेन्यूची नावं सांगतो, म्हणून तिने दोन्ही नावं एका कागदावर लिहून ठेवली.

दुसरी वाट टेलिफोन नंबरची. या यंत्रात अशी सोय होती की वीस सेकंदांत घरात किंवा अ‍ॅपवर कुणी उत्तर दिलं नाही, तर यंत्र एका ठरावीक नंबरला साधा फोन करेल. मुलाने स्वतःचा मोबाइल नंबर दिला होता. तो कारखान्यात काम करतो आणि तिथे फोन लॉकरमध्ये बंद ठेवावा लागतो. आता दुपारी काय झालं ते एकेक पाऊल पाहू. कुरिअरवाल्याने बेल वाजवली. आजी बाळाला अंघोळ घालत होत्या. सुनेचा फोन मुका. वीस सेकंद संपले, यंत्राने मुलाच्या नंबरला फोन लावला. फोन बंद, म्हणून मोबाइल कंपनीने तो लगेच व्हॉइसमेलकडे वळवला. व्हॉइसमेलने फोन उचलला. यंत्राच्या दृष्टीने उत्तर मिळालं. घरातला पडदा वाजायचा थांबला, सुनेच्या अ‍ॅपवरची बेल थांबली. आणि खाली रस्त्यावर उभ्या माणसाला दाराच्या स्पीकरमधून एक रेकॉर्ड केलेला आवाज निरोप ठेवायला सांगू लागला. तो कार्ड टाकून गेला.

याची खूण यंत्राच्या नोंदीत सापडली. दुपारच्या बेलसमोर `Angenommen` लिहिलं होतं, म्हणजे स्वीकारली, आणि कालावधी फक्त काही सेकंदांचा. कुणीच बोललं नसताना यंत्राने 'स्वीकारली' लिहिलं की व्हॉइसमेलवर संशय घ्यावा. एका वळवणीच्या पुढे दुसरी वळवणी लागलेली असते आणि पहिल्या यंत्राला दुसरीचा पत्ता नसतो.

उपाय मोबाइलच्या बाजूने करायचा. मोबाइल नेटवर्कवर वळवणीचे कोड बहुतेक ठिकाणी सारखेच आहेत आणि जर्मनीत ते चालतात. ते फोन डायल करायच्या पडद्यावर टाइप करून कॉलचं बटण दाबायचं.

```
*#62#    फोन बंद/नेटवर्कबाहेर असताना वळवणी कुठे आहे ते बघणे
*#61#    उत्तर न दिल्यास वळवणी कुठे आहे ते बघणे
##62#    बंद असतानाची वळवणी काढणे
##002#   सगळ्या वळवण्या काढणे
```

मुलाने `*#62#` टाकलं तेव्हा व्हॉइसमेलचा नंबर दिसला. `##62#` ने तो काढला. आता फोन बंद असेल तर कंपनीची 'संपर्क होत नाही' अशी सूचना लागते, पण त्यात फोन उचलला गेला असं धरलं जात नाही. त्यामुळे यंत्राला उत्तर मिळालं असं वाटत नाही आणि घरातली बेल तिच्या वेळेपर्यंत वाजत राहते. ज्यांना व्हॉइसमेल हवाच आहे, त्यांना दुसरा मार्ग आहे. उत्तर न देण्याची मुदत वाढवायची, म्हणजे फोन चालू असताना व्हॉइसमेल उशिरा पकडेल. ही मुदत पाचच्या पटीत, जास्तीत जास्त तीस सेकंद ठेवता येते:

```
**61*व्हॉइसमेल-नंबर**30#
```

पण फोन बंद असतो तेव्हा ही मुदत लागू होत नाही. मुलाचा फोन लॉकरमध्ये बंदच असायचा, म्हणून त्याला `##62#` शिवाय पर्याय नव्हता. खरं तर दारासाठी त्याचा नंबर देण्यात अर्थच नव्हता. जो दिवसभर फोन बंद ठेवतो त्याला वळवणीच्या साखळीत घालू नये. ही गोष्ट सगळ्यांना नंतर उघड वाटली, तरी नंबर देताना घरचा कर्ता म्हणून त्याचाच दिला गेला होता. मी आणखी दोन-तीन घरांत विचारलं, तिथेही असंच होतं. शेवटी नंबर शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या एका मराठी मैत्रिणीचा दिला. ती घरून काम करते.

फोन नंबरच्या वाटेने दार उघडण्यासाठी फोनच्या कीपॅडवर ठरलेला आकडा दाबावा लागतो आणि त्याचा टोन यंत्राला ओळखता यावा लागतो. बोलणं स्वच्छ ऐकू येतं पण आकडा दाबून दार सुटत नाही, आणि भिंतीवरच्या बटणाने मात्र सुटतं, तर टोन पाठवण्याची पद्धत जुळत नाही. हे इलेक्ट्रिशियनच्या मेन्यूत एका जागी बदलावं लागतं. घरच्यांनी त्यावर वेळ घालवू नये.

याच मेन्यूत आणखी एक पर्याय आहे आणि त्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. त्याचं नाव `Türöffnerautomatik`. डॉक्टरांच्या दवाखान्यांसाठी आणि वकिलांच्या ऑफिसांसाठी ही सोय असते. बेल वाजली की कुणीही न दाबता दार आपोआप सुटतं, म्हणजे रिसेप्शनवरच्या माणसाला प्रत्येक रुग्णासाठी उठावं लागत नाही. काही यंत्रांत ती घरातल्या पडद्यावरही दिसते, आणि कितीतरी घरांत ती आपोआप वळवणी आहे असं समजून चालू केली जाते. मग घरात कुणी नसताना खालून कुणीही ते एक बटण दाबलं की सगळ्या इमारतीचं दार उघडतं. खूण स्पष्ट असते. बेल वाजल्यावर एक-दोन सेकंदांत, कुणी हात न लावता, खाली खटका वाजतो. नवीन घरात राहायला गेल्यावर पहिल्या दिवशीच हे एकाने खाली उभं राहून तपासावं. बेल दाबायची, वरच्याने काहीही करायचं नाही, आणि आवाज येतो का ते बघायचं.

दार कुणाला उघडायचं हा निर्णय माणसाचाच राहायला हवा. तिथे पोस्टमन पत्रपेट्यांपर्यंत जाण्यासाठी कोणतंही बटण दाबतो, आणि जाहिरातींची पत्रकं वाटणारेही तेच करतात. आजींना एक प्रश्न शिकवला होता, "वेर इस्ट दा?", कोण आहे? उत्तरात ओळखीचं आडनाव, 'डीएचएल' किंवा 'पोस्ट' ऐकू आलं तर किल्ली. नाहीतर काही न बोलता बंद. न उघडणं ही उद्धटपणाची गोष्ट नाही, हे आजींना पटायला थोडा वेळ लागला. दारी आलेल्याला उत्तर न देणं आपल्या वळणात बसत नाही.

आडनावाचाही एक प्रश्न होता. पट्टीवर फक्त मुलाचं आडनाव होतं आणि सुनेने लग्नानंतर आपलं आडनाव बदललेलं नाही. तिच्या नावाचं पार्सल आलं की कुरिअरवाल्याला ते आडनाव पट्टीवर दिसायचंच नाही. व्यवस्थापनाला लिहून दोन्ही आडनावं एका पट्टीवर आणून घेतली. दारावरच्या नावांवरून २०१८ साली बरीच चर्चा झाली होती. युरोपचा नवा माहिती-संरक्षण कायदा आल्यावर व्हिएन्नाच्या महापालिकेच्या सुमारे २,२०,००० घरांवरची भाडेकरूंची नावं काढून नंबर लावायचं ठरलं. जर्मनीतही तसंच होणार अशी भीती पसरली, पण जर्मनीच्या केंद्रीय माहिती-संरक्षण आयुक्तांनी बेलवरचं नाव कायद्याच्या विरुद्ध नसल्याचं सांगितलं. म्हणून आडनाव अजून तिथेच आहे, आणि ते बरोबर असणं हे अ‍ॅपच्या कुठल्याही सेटिंगपेक्षा आधीचं काम आहे.

कॅमेऱ्याच्या बाबतीत जर्मन कायदा नेमका आहे. सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०११ मध्ये दिलेल्या निकालात अटी स्पष्ट केल्या. बेल वाजवल्यावरच कॅमेरा चालू व्हावा, चित्र फक्त ज्या घराची बेल वाजली त्या घरातच दिसावं, एका मिनिटाच्या आत ते बंद व्हावं आणि कायमची नोंद होऊ नये. त्यामुळे काही अ‍ॅपमधली 'प्रत्येक पाहुण्याचा फोटो जपून ठेवा' ही सोय भाड्याच्या घरात परवानगीशिवाय चालू करू नये. आजींना आपल्या नातवाला भेटायला आलेल्यांचे फोटो ठेवायची हौस होती. त्यासाठी त्यांना स्वतःच्या फोनचा कॅमेरा पुरेसा आहे, हे सुनेने समजावलं.

शेवटी एक गोष्ट, जी घर बदलणाऱ्या कुणालाच आठवत नाही. अ‍ॅपला जोडलेले फोन यंत्राच्या यादीत तसेच राहतात. या घरात सगळं सुरळीत झाल्यावर सुनेने `Verbundene Geräte` ही यादी उघडली. त्यात तिचा, नवऱ्याचा, आजींचा फोन होता, आणि शिवाय एक अनोळखी नाव होतं, त्यांच्या आधी तिथे राहणाऱ्या भाडेकरूचं. त्या माणसाच्या फोनवर आजही या घराची बेल वाजत होती आणि त्याला कुठूनही खालचं दार सोडता आलं असतं. कदाचित त्याला माहीतही नसेल. तिने ते नाव काढलं, पिन बदलला आणि पुन्हा सगळे फोन नव्याने जोडले. जर्मनीत घर ताब्यात घेताना आणि सोडताना चाव्यांची संख्या, मीटरची रीडिंग, भिंतींची अवस्था असं सगळं एका कागदावर लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या होतात. त्या कागदावर 'दाराच्या अ‍ॅपला जोडलेले सर्व फोन काढले' अशी एक ओळ घालून घ्यावी. चाव्या मोजायला कुणी विसरत नाही, आणि जोडलेला फोनही दाराची चावीच असतो.